‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणजे नक्की कोणत्या तारखेला?

प्रश्न: तालुक्याच्या गावातल्या एका दातांच्या दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पेशंट व्हॉट्सॲपवर मराठीत लिहितात: ‘येत्या रविवारी येऊ का’, ‘पुढच्या शुक्रवारी चालेल’, ‘डॉक्टरांनी आठ दिवसांनी बोलावलंय’. प्रोग्रॅममध्ये ‘येत्या’ म्हणजे सगळ्यात जवळचा वार आणि ‘पुढच्या’ म्हणजे त्यात आणखी सात दिवस, असा नियम टाकलाय. तरी अधूनमधून पेशंट एक आठवडा आधीच येऊन उभे राहतात. नियम कुठे चुकतोय?

उत्तर:

‘आणखी सात दिवस’ इथेच चुकतोय. आठवडाभर आधी आलेल्या पेशंटांचे मूळ मेसेज काढून ते कोणत्या वारी आले होते ते बघा. बहुतेक शनिवारचे किंवा रविवारचे निघतील. समजा, शनिवार, १४ मार्च २०२६ रोजी कुणी लिहिलं, ‘पुढच्या शुक्रवारी येते’. तिच्या मनात २० मार्च आहे, कारण कालचा शुक्रवार संपला आणि आता पुढचा तोच. तुमचा प्रोग्रॅम मात्र जवळचा शुक्रवार २० मार्च धरतो, त्यात सात मिळवतो आणि २७ मार्च लिहून मोकळा होतो. पेशंट २० तारखेला दारात, नाव २७ च्या पानावर.

हाच मेसेज तीन दिवस आधी, बुधवारी ११ मार्चला आला असता तर तुमचा नियम बरोबर ठरला असता: जवळचा शुक्रवार १३, अधिक सात, म्हणजे २०. म्हणून ही चूक रोज दिसत नाही आणि कुणी नेटाने शोधतही नाही.

‘पुढच्या शुक्रवारी’ बोलणाऱ्याच्या मनात दोनच अर्थ असू शकतात. एक, आजच्या नंतर येणारा पहिला शुक्रवार. दुसरा, पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, म्हणजे येत्या सोमवारी जो आठवडा सुरू होईल त्यातला. ‘जवळचा अधिक सात’ हा तिसराच प्रकार आहे. तो कुणाच्याच मनात नसतो, फक्त प्रोग्रॅममध्ये असतो. आठवड्याच्या सुरुवातीला तो दुसऱ्या अर्थाशी योगायोगाने जुळतो आणि शेवटी फसतो. कुणी तुमचा ‘जवळचा’ शुक्रवार मोजताना शुक्रवारच्या दिवशी आजचा दिवस सोडून दिला असेल, तर शुक्रवारी आलेल्या मेसेजलाही तो दोन आठवडे पुढे नेईल. तेही तपासून बघा.

तेव्हा नियमाने एक तारीख काढू नका. दोन्ही अर्थांनी तारखा काढा आणि त्या जुळतात का ते बघा.

```python
from datetime import date, timedelta

def dates_for(ref, wd):      # सोमवार = 0 ... रविवार = 6
    near = ref + timedelta(days=(wd - ref.weekday() - 1) % 7 + 1)
    monday = ref - timedelta(days=ref.weekday())
    week = monday + timedelta(days=7 + wd)
    return near, week
```

यातला `near` कधीच आजचा दिवस देत नाही. आज शुक्रवार असेल तर तो सात दिवसांनंतरचा शुक्रवार देतो. हे मुद्दाम केलंय. शुक्रवारी सकाळी बसून कुणी ‘येत्या शुक्रवारी’ म्हणालं तर त्याला आजचा दिवस अभिप्रेत नसतो, तसं असतं तर तो ‘आज’ म्हणाला असता. हेच जावास्क्रिप्टमध्ये लिहिणार असाल तर दोन ठिकाणी पाय घसरतो. तिथे `getDay()` रविवारला 0 देतो, आणि ऋण संख्येला `%` लावलं की उत्तरही ऋणच येतं. पायथनमध्ये -1 % 7 म्हणजे 6, तिथे मात्र -1. त्यामुळे आधी सात मिळवून मगच भागाकार करा.

आता या दोन तारखा वेगळ्या कधी पडतात ते बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. शुक्रवारपुरतं बोलायचं तर मेसेज शुक्रवारी, शनिवारी किंवा रविवारी आला असेल तर दोन्ही अर्थ एकाच तारखेवर येतात. प्रश्नच उरत नाही, सरळ नोंद करा. सोमवार ते गुरुवार मात्र सात दिवसांचा फरक पडतो. ‘पुढच्या सोमवारी’ या शब्दात कोणत्याही दिवशी गोंधळ नाही, कारण सोमवारपासूनच नवा आठवडा लागतो आणि दोन्ही हिशेब तिथेच येऊन मिळतात. ‘पुढच्या मंगळवारी’ फक्त सोमवारी म्हटलं तर गोंधळ. जसजसा वार आठवड्याच्या शेवटाकडे सरकतो तसतसे गोंधळाचे दिवस वाढत जातात. रविवारपर्यंत पोचलात की आठवड्यातले सहा दिवस गोंधळाचे.

फरक पडणाऱ्या दिवसांतही काही उत्तरं बोलण्याच्या रीतीतूनच मिळतात. गुरुवारी बोलणाऱ्याला उद्याचा शुक्रवार सांगायचा असेल तर तो ‘उद्या’ म्हणेल. त्याच्याकडे त्या दिवसासाठी छोटा, स्वच्छ शब्द आहे. तो सोडून तो ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणतोय म्हणजे त्याला उद्याचा दिवस नकोय. गुरुवार, १२ मार्चचा ‘पुढचा शुक्रवार’ मी बिनधास्त २० मार्च धरतो. बुधवारी ‘परवा’ हा शब्द हाताशी असतो, त्यामुळे तोच तर्क चालतो, पण जरा सैल. लोक ‘परवा’ऐवजी वाराचं नाव घेतातही. सोमवारी आणि मंगळवारी मात्र हातात काही राहत नाही. माझा कल तेव्हाही पुढच्या आठवड्याकडे असतो, कारण याच आठवड्यातला शुक्रवार सांगायला माणूस नुसतं ‘शुक्रवारी’ किंवा ‘या शुक्रवारी’ म्हणतो. पण कल वेगळा आणि खुर्ची राखून ठेवणं वेगळं. तिथे विचारायचंच.

हाच तर्क उलटाही लागतो. ‘येत्या शुक्रवारी’ म्हणजे सगळ्यात जवळचा शुक्रवार, यात एरवी कुणाचं दुमत नसतं. पण मेसेज गुरुवारी आला असेल तर थांबा. उद्याच्या दिवसाला कुणी ‘येत्या शुक्रवारी’ का म्हणेल? कधी तो मेसेज बुधवारी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला आणि आज पुढे पाठवलेला असतो. कधी माणसाला आज कोणता वार आहे याचंच भान नसतं. म्हणून जवळची तारीख उद्याची निघत असेल तर ‘येत्या’ असूनही मी एकदा विचारून घेतो.

लायब्ररी बदलून हे सुटेल असं वाटत असेल तर तसं होत नाही. लिनक्सवर बुधवारी `date -d 'next friday'` चालवलं तर दोन दिवसांनंतरचा शुक्रवार मिळतो, म्हणजे तिथे पहिला अर्थ धरलाय. पायथनच्या `dateutil` मध्ये `relativedelta(weekday=FR)` शुक्रवारच्या दिवशी आजचीच तारीख परत देतो, आणि ‘पुढचा’ म्हणून कुणी `FR(+2)` लिहिलं की शनिवारी तुमचीच चूक पुन्हा होते. या साधनांनी आपापल्या पुरता एक अर्थ ठरवून टाकला आहे. तुमच्या पेशंटशी त्याचा संबंध नाही.

रविवारचं प्रकरण वेगळं आहे, आणि तुमच्या दवाखान्यात रविवारी गर्दी असेल तर इथेच जास्त लक्ष द्या. वरचा हिशेब आठवडा सोमवारी सुरू होतो असं धरून आहे. आयएसओ ८६०१ हे तारखांचं आंतरराष्ट्रीय मानक तसंच सांगतं, आणि पायथनचा `weekday()` सुद्धा. पण घरात भिंतीवर टांगलेल्या कित्येक कॅलेंडरांत रविवार पहिला असतो. बुधवारी, ११ मार्चला कुणी ‘पुढच्या आठवड्यात रविवारी’ म्हणालं, तर सोमवारपासून मोजणाऱ्याच्या हिशेबाने तो २२ मार्च होतो आणि रविवारपासून मोजणाऱ्याच्या हिशेबाने १५ मार्च. दोघेही आपापल्या जागी बरोबर. बोलण्यात बहुतेक लोक रविवार हा आठवड्याचा शेवट, सुट्टीचा दिवस म्हणून धरतात, कॅलेंडरात तो कुठेही छापलेला असो. तरीही ‘पुढच्या रविवारी’ या शब्दांवर मी कधीही न विचारता तारीख लावत नाही. अपवाद एकच, मेसेज रविवारीच आलेला असेल तर. तेव्हा तो सात दिवसांनंतरचा. तुमच्या प्रश्नातला ‘येत्या रविवारी’ मात्र सोपा आहे: बुधवारी आला तर १५ मार्च.

आता जिथून मोजायचं तो दिवस. वरच्या कोडमधल्या `ref` मध्ये `date.today()` टाकू नका. मेसेज शुक्रवारी रात्री आला आणि तुमच्या माणसाने तो सोमवारी सकाळी उघडला, तर ‘येत्या रविवारी’ शुक्रवारपासून मोजायला हवं. प्रोग्रॅमने सोमवारपासून मोजलं तर बरोबर एक आठवड्याची चूक, आणि या वेळी पेशंट बिचारा वेळेवर आलेला असेल. मेसेज पाठवल्याची वेळ घ्या आणि ती भारतीय वेळेत बदलून तिची तारीख काढा. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल तर आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदलाच दिवस चालू असतो. पहाटे पाचला उठून मेसेज करणारे आजोबा तुमच्याकडेही असतील. त्यांच्या ‘उद्या’चा एक दिवस असा कापला जातो.

```python
from zoneinfo import ZoneInfo
ref = sent_at.astimezone(ZoneInfo("Asia/Kolkata")).date()
```

इथे `sent_at` ला स्वतःचा टाइमझोन जोडलेला असला पाहिजे. तो नसेल तर पायथन ती वेळ सर्व्हरची स्थानिक वेळ समजतो आणि वाट चुकते.

मध्यरात्रीनंतरचे मेसेज हा एक वेगळाच प्रांत. रात्री पाऊण वाजता दाढ ठणकतेय म्हणून कुणी लिहितं, ‘उद्या सकाळी येऊ का’. कॅलेंडराप्रमाणे शुक्रवार लागलेला आहे, पण तो माणूस झोपलेला नाही, त्याच्या लेखी अजून गुरुवारच चालू आहे. त्याची ‘उद्या सकाळ’ म्हणजे आठ तासांनी येणारी. रात्री बारा ते चारच्या मधल्या ‘आज’ आणि ‘उद्या’ला मी कधीच आपोआप तारीख लावू देत नाही. ‘येत्या शुक्रवारी’चंही तेच, कारण तो ज्या शुक्रवारची वाट बघतोय तो घड्याळात आधीच सुरू झालाय आणि प्रोग्रॅम त्याला पुढच्या आठवड्यात ढकलून देईल. परदेशातून मुलगा आईसाठी अपॉइंटमेंट घेतो तेव्हाही असाच घोळ होतो. कॅलिफोर्नियात गुरुवारची दुपार असते तेव्हा इथे शुक्रवार उजाडायला लागलेला असतो. त्याचा ‘उद्या’ कुठला, हे त्यालाच विचारलेलं बरं.

‘डॉक्टरांनी आठ दिवसांनी बोलावलंय’ यात दोन सापळे आहेत. पहिला, आठ दिवस म्हणजे सात. आपल्याकडे ‘आठ दिवसांनी’ म्हणजे एका आठवड्याने, त्याच वारी. आजचा दिवसही मोजायचा आणि तो दिवसही मोजायचा. शुक्रवार, १३ मार्चला सांगितलेले आठ दिवस शुक्रवारी, २० मार्चला भरतात. बोटांवर मोजून बघा, १३ ते २० अशी आठ बोटं होतात. त्याच रीतीने ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवड्यांनी, २७ मार्चला. प्रोग्रॅम `timedelta(days=8)` करून शनिवार काढेल आणि पंधराचाही शनिवारच काढेल. तुमच्या जुन्या नोंदींत एका दिवसाने सरकलेल्या अपॉइंटमेंट सापडल्या तर त्यांचं मूळ बहुधा हेच असेल. ही सवलत फक्त आठ आणि पंधरा या दोन आकड्यांना आहे. ‘दहा दिवसांनी’ म्हणजे दहा, ‘सात दिवसांनी टाके काढू’ म्हणजे सात. आणि हे सगळं ‘दिवसांनी’ला लागू. ‘आठ दिवस गोळ्या घ्या’ यात दिवस मोजून आठच असतात, तिथे हा नियम नेऊन कुणाचा डोस कापू नका.

दुसरा सापळा मोजण्याच्या दिवसाचा. हा मेसेज पेशंटने सोमवारी, १६ मार्चला केला असेल, तरी आठ दिवस सोमवारपासून मोजायचे नाहीत. डॉक्टरांनी ते १३ तारखेला सांगितले होते. वाक्यात ‘बोलावलंय’, ‘सांगितलं होतं’, ‘दाखवायला सांगितलंय’ असं काही आलं की मोजणी मागच्या भेटीच्या तारखेपासून करा. ती तारीख तुमच्याकडे नोंदवहीत आहेच. ती सापडली नाही तर मेसेजच्या तारखेवर हळूच उतरू नका, विचारा.

क्रियापदाकडे बघायची सवय इथेच लावून घ्या, कारण ‘परवा’ त्याशिवाय उलगडत नाही. ‘परवा दाढ भरली तिथे दुखतंय’ आणि ‘परवा दाढ भरायला येतो’ यांतला शब्द एकच, दिवसांत चार दिवसांचं अंतर. तेरवाचंही तसंच. भूतकाळ असेल तर मागे, भविष्य असेल तर पुढे, आणि येतो-जातो अशी साध्या वर्तमानाची रूपं अपॉइंटमेंटच्या संदर्भात पुढचीच धरायची. मागच्या ‘परवा’वर फार भरवसाही ठेवू नका. ‘परवाच तर येऊन गेलो’ म्हणणारा माणूस पाच दिवसांपूर्वी आलेला असू शकतो. पुढचा ‘परवा’ मात्र नेमका असतो, एक दिवस सोडून दुसरा. नुसत्या ‘रविवारी’लाही हाच न्याय: ‘रविवारी आलो होतो’ मागचा, ‘रविवारी येईन’ पुढचा.

वारांची नावं ओळखताना फक्त सात शब्दांची यादी ठेवली असेल तर ती वाढवा. आजूबाजूच्या खेड्यांतून ‘ऐतवारी’ आणि ‘बेस्तरवारी’ लिहिणारे येतील. पहिला रविवार, दुसरा गुरुवार. ‘बाजारच्या दिवशी येतो’ असाही मेसेज येईल. तो कोणता वार हे पेशंटचं गाव कोणतं त्यावर ठरतं, आणि तालुक्यातल्या गावांचे बाजारवार एका तक्त्यात टाकून ठेवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

दोन तारखा उरल्या की विचारण्याआधी वाक्यातलं बाकीचं वाचा. मंगळवारी, १० मार्चला मेसेज आला, ‘पुढच्या शुक्रवारी येते, पाडवा झाला की’. तारखा दोन निघतात, १३ आणि २०. २०२६ मध्ये गुढीपाडवा गुरुवारी, १९ मार्चला आहे. म्हणजे २०, विषय संपला. सणांच्या तारखांचा वर्षाचा तक्ता त्यासाठी हाताशी असावा. तो हाताने भरलेला बरा, कारण तिथी सात दिवसांच्या चक्रात बसत नाहीत. दवाखान्याचं वेळापत्रकही पुरावा ठरतं, पण एका मर्यादेपर्यंत. समजा, तारा बसवणारे डॉक्टर तुमच्याकडे महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शुक्रवारी येतात. मार्चमध्ये ते शुक्रवार ६ आणि २०. तारांच्या पेशंटने १० तारखेला ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हटलं तर १३ ला त्याचे डॉक्टर नाहीतच, २० धरा. मात्र ‘१३ ला जागा रिकामी आहे आणि २० भरलाय, म्हणून १३’ असं कधीही करू नका. पेशंटला तुमची वही दिसत नाही. ती भरली आहे की रिकामी यावर त्याच्या मनातली तारीख ठरत नसते. असे प्रोग्रॅम मी पाहिलेत आणि त्यांनी घातलेला गोंधळ निस्तरायला सगळ्यात अवघड, कारण तो गर्दीच्या दिवसांतच उगवतो.

इतकं करून उरलं तर विचारायचं, आणि कसं विचारायचं ते नीट ठरवा. ‘या शुक्रवारी की पुढच्या?’ असं विचारलंत तर ‘पुढच्या’ असं उत्तर येईल आणि तुम्ही होता तिथेच. प्रश्नात वार आणि तारीख दोन्ही हवेत: ‘शुक्रवार १३ मार्च की शुक्रवार २० मार्च?’ दोन बटणं देता आली तर उत्तम. ‘हो’ म्हणून भागेल असा प्रश्न शक्यतो नको. ‘२० मार्च ना?’ म्हटलं की माणसं न वाचता ‘हो’ करतात, विशेषतः दवाखान्याने विचारलं असेल तर. जिथे दोन्ही अर्थ जुळले आणि विचारावं लागलं नाही, तिथेही उत्तरात वार-तारीख पूर्ण लिहा: ‘शुक्रवार, २० मार्च, सकाळी ११ वाजता नाव लिहिलं आहे.’ चूक असेल तर पेशंट तिथल्या तिथे सांगतो.

वार आणि तारीख दोन्ही असण्याचा फायदा पेशंटच्या मेसेजमध्येही घ्या. कुणी ‘शुक्रवारी १४ तारखेला’ लिहिलं, आणि १४ मार्चला शनिवार आहे. अशा वेळी तारीख खरी की वार खरा यावर पुष्कळ वाद घालता येतो. माझ्या अनुभवात लोक वार जास्त नीट लक्षात ठेवतात, कारण सुट्टी, पाणी, शाळा, बाजार सगळं वारावर चालतं. पण त्यावर भिस्त ठेवून नोंद करू नका. दोन्ही पर्याय वार-तारखेसह परत पाठवा. अशी विसंगती म्हणजे चूक वेळेत सापडली, असं समजा. नुसती तारीख लिहिली असती तर ती तुम्हाला दिसलीही नसती.

नोंद साठवताना तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा: पेशंटचे मूळ शब्द, ज्या दिवसापासून मोजलं तो दिवस, आणि ठरलेली तारीख. भांडण झालं की पहिल्या दोन गोष्टींवरून चूक कुठे झाली ते मिनिटात कळतं. नुसती तारीख ठेवलीत तर ‘मी असं म्हणालेच नव्हते’ याला उत्तर नाही. याच कारणाने आठवणीच्या मेसेजमध्ये ‘उद्या तुमची अपॉइंटमेंट आहे’ असं लिहू नका. मेसेज गुरुवारी सुटतो, पेशंटचा फोन बंद असतो, तो शुक्रवारी सकाळी वाचतो आणि शनिवारी येतो. ‘शुक्रवार, २० मार्च’ कधीही वाचलं तरी तेच सांगतं.

दुरुस्ती केल्यावर आजच्या तारखेवर चालवून ‘बरोबर आलं’ म्हणून सोडू नका. `ref` बाहेरून देता येतो म्हणून तर तो वेगळा काढला. सात वारांचे मेसेज सात वारांना आले असं धरून ४९ जोड्या होतात. त्या सगळ्या चालवा आणि दोन तारखा किती जोड्यांत वेगळ्या पडतात ते मोजा. ‘पुढच्या सोमवारी’ला शून्य, मंगळवारला एक, असं करत रविवारला सहा, एकूण २१ यायला हव्यात. उरलेल्या २८ मध्ये दोन्ही तारखा एकच असल्या पाहिजेत. आकडा २१ च्या वर-खाली गेला तर आठवड्याची सुरुवात किंवा आजचा दिवस, या दोहोंपैकी एक कुठेतरी चुकीचा धरला गेलाय. त्यानंतर डिसेंबरचा शेवटचा आठवडा एकदा चालवून बघा. तारखा `timedelta` ने पुढे नेल्या असतील तर महिना आणि वर्ष आपोआप बदलतात. कुणी दिवसाच्या आकड्यात थेट सात मिळवले असतील तर ३० डिसेंबरला प्रोग्रॅम ३७ डिसेंबर शोधत बसेल.